‘घातला’ कोशात कुठे शोधायचा?

प्रश्न: मराठी वाचायला शिकतोय. ‘घातला’, ‘उडाला’, ‘व्हाल’ असे शब्द कोशात सापडतच नाहीत. ‘ला’ काढून ‘घातणे’ शोधलं, तेही नाही. भूतकाळातल्या किंवा भविष्यकाळातल्या रूपावरून कोशातला मूळ शब्द कसा काढायचा?

‘ला’ काढून ‘णे’ लावायची सवय आधी सोडा. बसला, वाचला, पडला इथे ती चालते, म्हणून ती लागते आणि मग नको तिथे दगा देते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एकाने ‘शर्ट वाळत घातला’ या वाक्यातल्या ‘घातला’चा ‘ला’ तोडला, कोशात ‘घात’ सापडला आणि त्याने शर्टाचा विश्वासघात करून टाकला. ‘घातणे’ कोशात नाही हे बरंच आहे, निदान आपण चुकलो हे कळतं. खरी पंचाईत होते ती तोडलेल्या तुकड्यासारखा दुसराच शब्द कोशात निघाला की. ‘आला’वरून ‘आणे’ शोधाल तर जुन्या नाण्यांपाशी पोचाल, आणि ‘मेला’वरून शोधत गेलात तर मेणापाशी.

मी सांगतो तो रस्ता थोडा वळणाचा आहे, पण पक्का आहे. भूतकाळातून थेट ‘णे’कडे जायचं नाही, मध्ये वर्तमानकाळात थांबायचं. तीच क्रिया ‘तो’बरोबर रोजच्या बोलण्यात कशी येते ते आठवा आणि शेवटचा ‘तो’ काढून तिथे ‘णे’ ठेवा. धातू भूतकाळात नाना सोंगं घेतो, पण ‘तो’च्या आधी बहुतेक वेळा जसाच्या तसा उभा असतो.

एक वाक्य घेऊ: ‘पोराने शर्ट धुतला, वाळत घातला, तो वाऱ्याने उडाला, आता आई काय म्हणेल?’

‘धुतला’: पोरगा शर्ट धुतो, म्हणून धुणे. यातला ‘त’ धातूचा नाही. ‘घातला’: तो घालतो, म्हणून घालणे. इथे ‘त’ने धातूतला ‘ल’ गिळलाय, म्हणून नुसतं तोडून कधीच जमलं नसतं. ‘उडाला’: उडतो, म्हणून उडणे; मधला ‘आ’ फक्त भूतकाळापुरता. निघाला, पळाला, मिळाला, बुडाला, म्हणाला ही सगळी याच घरातली. याउलट ‘न्हाला’मधला ‘आ’ धातूचाच आहे, कारण न्हातो, न्हाणे. दिसायला दोन्ही सारखे, ‘तो’ लावला की वेगळे होतात. ‘म्हणेल’कडे पुढे येतो.

‘त’चं अजून थोडं. ‘ओतला’, ‘कातला’, ‘परतला’ यांत ‘त’ धातूचा आहे, कारण आपण ओततो, काततो, परततो असं म्हणतो. ‘धुततो’, ‘घेततो’ कोणी म्हणत नाही. उपरा ‘त’ येतो तो मोजक्याच क्रियापदांत: घेतला, धुतला, घातला, आणि ‘इत’सकट सांगितला, मागितला, बघितला. एवढे सहा लक्षात ठेवलेत तर बाकीच्या ‘तला’मधला ‘त’ धातूचा धरून चालायला हरकत नाही.

आता तुमची खरी अडचण. तुम्ही शिकताय, तेव्हा ‘तो’चं रूप आठवेलच असं नाही. ज्यांचा चेहरा पार बदलतो तेवढी पाठच करा, फार नाहीत. केला, गेला, मेला, नेला हे चौघे कानाला भावंडं वाटतात, पण त्यांची घरं वेगळी: करणे, जाणे, मरणे, नेणे. यात फक्त ‘नेला’ सरळ आहे. मग आला (येणे), दिला (देणे), झाला (होणे), खाल्ला (खाणे), प्याला (पिणे), भ्याला (भिणे). ‘म्हणणे’ला तर दोन भूतकाळ आहेत, म्हणाला आणि म्हटलं.

पाहण्याआधी रूप ‘ला’वर आणून घ्या. केली, केले, केलं, केल्या, केलेस, केलेत हे सगळे ‘केला’च. ‘गेल्यावर’, ‘केल्याने’ यांच्या पोटातही तेच असतं.

जिथे ‘तो’ची युक्ती फसते ती जागाही सांगतो: ‘होता’. ‘तो शिक्षक होता’ यातला ‘होता’ होणेचा नाही, असणेचा आहे. इथे ‘होता’च्या जागी ‘आहे’ ठेवून बघा. वाक्य फक्त आजचं झालं आणि बाकी अर्थ तोच राहिला तर असणे. ‘तो शिक्षक झाला’मध्ये तसं होत नाही, कारण तिथे बदल घडलाय, म्हणून होणे. ‘नव्हता’ गेला नसणेकडे.

भविष्यकाळ त्या मानाने सोपा. तिथे ‘गेला’सारखी सोंगं नाहीत, फक्त शेवट गोंधळात पाडतात. त्यासाठी ‘ते’चं रूप करा: करतील, जातील, म्हणतील. ‘तील’ काढा, ‘णे’ लावा. ‘म्हणेल’ झालं म्हणतील, मग म्हणणे. दोन ‘ण’ सोडू नका. ‘जाणेल’ म्हणजे जाणणे आणि ‘जाईल’ म्हणजे जाणे, एका ‘ण’चा फरक आहे.

याचा खरा उपयोग ‘राहील’ आणि ‘लिहील’ या जोडीत कळतो. दोन्हींत ‘ही’ दीर्घ, भूतकाळात राहिला आणि लिहिला, दोन्हींत ‘हि’. मग एकाचं राहणे आणि दुसऱ्याचं लिहिणे कशावरून? ते राहतील, पण ते लिहितील. तू राहशील, पण तू लिहिशील. ‘शील’ही ‘तील’इतकाच खात्रीचा, समोर जो येईल तो वापरा.

अडतात ती ‘तुम्ही’ची रूपं. याल, द्याल, घ्याल, न्याल यांत ‘ए’चा ‘य’ झालाय: येणे, देणे, घेणे, नेणे. ‘प्याल’ म्हणजे पिणे. तुमचं ‘व्हाल’ म्हणजे होणे, ‘ते होतील’वरून कळतं. यापलीकडचं विचित्र रूप मला तरी क्वचितच भेटलं.

इतकं करूनही शब्द मिळाला नाही तर दोष बहुधा कोशाच्या लिखाणाचा असतो. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 1938) यांत शीर्षशब्द ‘करणें’ असा शेवटी अनुस्वार देऊन छापलेला आहे. पडद्यावर शोधताना ‘करणे’ने काही आलं नाही तर ‘करणें’ टाइप करा. ‘बसवला’ जुन्या कोशात ‘बसविणें’खाली असतो, आजच्या कोशात ‘बसवणे’. आणि तो ‘बसला’चा नातेवाईक असला तरी नोंद वेगळी असते, तेव्हा मधला ‘व’ काढून ‘बसणे’खाली शोधत बसू नका. ‘राहणे’, ‘पाहणे’ न दिसल्यास ‘रहाणे’, ‘पहाणे’ही चाळा.

‘वाळत घातला’साठी आधी ‘घालणे’ उघडा. नोंद लांबलचक असेल, म्हणून सुरुवातीच्या अर्थावरच थांबू नका. तिथे नाही मिळालं तर ‘वाळणे’ आणि ‘वाळत’ बघा.