बारावीचं डब्याचं गणित: x = 18 का बाद होतं?

प्रश्न: ४५ सेमी × २४ सेमी पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून x सेमी बाजूचे चौरस कापून वरून उघडा डबा करायचा आहे. घनफळ महत्तम हवं. x = 5 आणि x = 18 अशी दोन उत्तरं येतात. 18 का टाकायचं? कारण लिहिलं नाही तर गुण जातात का? (बारावी, नाशिक)

उत्तर: नाशिकच्या क्लासेसच्या नोट्समध्ये याचं एक ठरलेलं वाक्य सापडतं: "x = 18 ला द्वितीय अवकलज धन आहे, म्हणून ती किंमत नाकारली." हे वाक्य चूक नाही, पण कारण म्हणून कुचकामी आहे. 18 बाद होतं ते अवकलजामुळे नाही, कात्रीमुळे. पत्रा २४ सेमी रुंद आहे. दोन्हीकडून १८-१८ सेमी कापायला ३६ सेमी लागतील, ते आणणार कुठून?

V = x(45 − 2x)(24 − 2x) = 4x³ − 138x² + 1080x

हे त्रिघाती समीकरण मांडलं त्याच ओळीत प्रांत लिहायचा: 0 < x < 12. इथे दोन अटी आहेत, 24 − 2x > 0 आणि 45 − 2x > 0, आणि त्या दोन्ही एकाच वेळी पाळायच्या. नेहमी लहान बाजूच जिंकते. काही मुलं लांब बाजू धरून x < 22.5 लिहितात. मग 18 प्रांतात येऊन बसतं आणि ते घालवायला द्वितीय अवकलजाला हाक मारावी लागते.

आता कोणी म्हणेल, "18 ला घनफळ उणे येतं, तेवढं पुरे." येतं खरं: 18 × 9 × (−12) = −1944. पण या कारणावर विसंबू नका. x = 25 घालून बघा. लांबी −5, रुंदी −26, उणे गुणिले उणे अधिक, आणि V = 25 × 130 = 3250. 5 ला काय येतं? 5 × 35 × 14 = 2450. म्हणजे ज्याला आपण महत्तम म्हणून खाली दोन रेघा मारतो, त्यापेक्षा ८०० घन सेमी जास्त, आणि तेही धन! 22.5 च्या पुढे हा आलेख वर जातो तो थांबतच नाही. कारण x³ चा सहगुणक धन आहे. बहुपदीला पत्रा माहीत नसतो. प्रांत न लिहिता "2450 हे महत्तम घनफळ" हे विधान सरळ खोटं ठरतं. 5 ला फक्त स्थानिक महत्तम आहे.

प्रांत लिहिला की काम उलट सोपं होतं. V' = 12(x − 5)(x − 18). 0 आणि 12 या दोन्ही टोकांना V शून्य, मधे सगळीकडे धन, आणि V' शून्य होण्याची मधली जागा एकच, ती 5. म्हणजे महत्तम तिथेच. द्वितीय अवकलज काढायची गरजच उरत नाही. (परीक्षेत मात्र काढा, V''(5) = −156; तपासणारे ती ओळ शोधतात.)

प्रांताची खरी परीक्षा अट बदलली की होते. समजा द्राक्षांच्या खोक्यासाठी असाच तक्ता घेतला आणि घड चेपू नयेत म्हणून खोली निदान ६ सेमी हवी. प्रांत झाला 6 ≤ x < 12. आता 5 सुद्धा बाहेर! या पट्ट्यात V' सतत ऋण आहे, V घटतच जातं, म्हणून महत्तम डाव्या टोकाला: 6 × 33 × 12 = 2376. तिथे V' शून्य नाही, तरी उत्तर तेच. "V' = 0 ठेवा आणि सोडवा" एवढंच घोकलेला विद्यार्थी इथे अडकतो, आणि दोष त्याचा नसतो.

तोटाही बघा: ७४ घन सेमी, जेमतेम ३ टक्के. शिखराजवळ आलेख सपाट असतो. कापताना १ मिमी चुकलात, 5 ऐवजी 5.1 झालं, तर घनफळ 2449.2 येतं, एक घन सेमीसुद्धा जात नाही. ५ मिमी चुकलात तरी सुमारे २० घन सेमी.

गुणांचं म्हणाल तर ते तपासणाऱ्यावर आहे; पण "0 < x < 12, म्हणून x ≠ 18" एवढं लिहिलं तर कापायला जागा राहत नाही.

एक राहिलं. हे सगळं पातळ पत्र्याला लागू आहे. ३ मिमी जाडीच्या पुठ्ठ्याचा, बाहेरून ३५ × १४ × ५ मापाचा डबा केला तर आतलं माप 34.4 × 13.4 × 4.7 होतं, म्हणजे सुमारे २१६७ घन सेमी. शिवाय पुठ्ठ्याचा कोपरा कापून फेकण्यापेक्षा एकाच बाजूने चीर देऊन तो तुकडा शेजारच्या भिंतीला चिकटवणं बरं. कोपरा पक्का होतो, आणि x ची मर्यादा तीच राहते.