बी-12 2000 च्या वर, डी मात्र 19 : आईचे औषध थांबवायचे का?

प्रश्न : आई 58 वर्षांची, कराडला असते. माळकरी आहे, शुगरची मेटफॉर्मिन गोळी 9 वर्षं चालू आहे. पायाला मुंग्या येतात म्हणून तपासलं तर डी 8.6, बी-12 142, हिमोग्लोबिन 10.2 आणि एमसीव्ही 106 आलं. 15 जूनपासून डीची 60,000 ची पुडी आठवड्याला एक आणि बी-12 ची इंजेक्शनं (आधी एक दिवसाआड 5, मग आठवड्याला एक, शेवटचं 10 जुलैला). 16 जुलैला आम्हीच परत तपासलं. बी-12 '2000 च्या वर', डी 19 आणि तेही लाल अक्षरात, हिमोग्लोबिन 11.3, एमसीव्ही 101. मुंग्या तशाच आहेत. बी-12 एवढं वाढलंय तर धोका आहे का? बंद करू का? परत कधी तपासायचं?

उत्तर :

बंद करू नका, दोन्हीपैकी काहीच. मी मिरजेत गेली 20 वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवतो आणि असे महिन्याभरात परत केलेले रिपोर्ट घेऊन घाबरलेली माणसं जवळजवळ दर आठवड्याला समोर बसतात. तुमच्या आईंचं औषध नीट लागू पडतंय. तपासणी तेवढी चुकीच्या वेळी झाली.

आधी बी-12 चं बघू. 10 तारखेला इंजेक्शन झालं आणि 16 ला रक्त दिलं. एका इंजेक्शनात बहुधा 1000 मायक्रोग्रॅम बी-12 असतं. माणसाची रोजची गरज जेमतेम सव्वादोन-अडीच मायक्रोग्रॅमची. एवढा साठा दंडात टोचल्यावर सहा दिवसांनी रक्तात आकडा वर दिसणारच. '2000 च्या वर' याचा अर्थ एवढाच की आमच्या मशीनला त्यापुढे मोजता येत नाही. टोचलेलं औषध रक्तात पोचलं, हे त्या आकड्यावरून कळतं. नसांपर्यंत आणि हाडांच्या मगजापर्यंत काम झालं की नाही, हे त्यावरून कळत नाही. धोक्याचं म्हणाल तर हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, आणि त्याची 'याच्या वर घातक' अशी मर्यादा कुठल्याही शास्त्रीय संस्थेने ठरवलेली नाही. एखाद्याने गोळी नाही, इंजेक्शन नाही, काहीच घेतलेलं नसताना आकडा असा वर आला तर मात्र लिव्हरची आणि रक्ताची तपासणी लागते. तुमच्याकडे तसं नाही.

मग काम होतंय हे कशावरून ओळखायचं? तुमच्याच रिपोर्टमधल्या दोन आकड्यांवरून. हिमोग्लोबिन 10.2 वरून 11.3 झालं आणि एमसीव्ही 106 वरून 101 वर आलं. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. बी-12 कमी असलं की मगजात पेशींना वेळेवर विभागता येत नाही, त्या फुगलेल्याच बाहेर पडतात. औषध सुरू झालं की आठवड्याभरात नव्या कोवळ्या पेशींची लाट येते, पण रक्तात आधीपासून फिरणाऱ्या मोठ्या पेशी त्यांचं आयुष्य संपेपर्यंत तिथेच राहतात. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं. म्हणून एमसीव्ही हळूहळू उतरतो, नॉर्मलला यायला दोन महिने तरी जातात. चार आठवड्यांत पाच अंकांनी खाली येणं ही चांगली चाल आहे. ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे सुरुवातीपासून दोन महिन्यांनी, फक्त सीबीसी करा. बी-12 चा आकडा तेव्हा मोजू नका, पैसे वाया जातील. तोवर हिमोग्लोबिन 12 च्या आसपास आलं आणि एमसीव्ही 100 च्या खाली गेला तर रक्ताची बाजू मार्गी लागली असं समजा. हिमोग्लोबिन मध्येच अडकलं तर लोह तपासावं लागेल. पेशी जोरात तयार होऊ लागल्या की अंगातलं लोहही भराभर खर्चतं, आणि आधीपासून काठावर असलेलं लोह अशा वेळी उघडं पडतं.

मुंग्यांचं गणित वेगळं आहे. नसेवरचं आवरण परत तयार व्हायला महिने लागतात. बहुतेकांना तीन महिन्यांत उतार जाणवतो, पूर्ण फायदा दिसायला सहा महिने ते वर्ष. मुंग्या फार जुन्या असतील तर काही कायमच्या राहूही शकतात. शिवाय आईंना शुगर आहे, म्हणजे थोडा वाटा शुगरचाही असू शकतो. तेव्हा 'इंजेक्शनं होऊनही मुंग्या तशाच' याचा अर्थ चौथ्या आठवड्यात काढू नका. पण चालताना तोल जाऊ लागला, अंधारात पाय नेमका कुठे पडतो ते कळेना, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आता लाल अक्षरांबद्दल. डीच्या रिपोर्टवर साधारण अशा पायऱ्या असतात : 10 च्या खाली तीव्र कमतरता, 10 ते 20 कमतरता, 20 ते 30 अपुरं, 30 ते 100 पुरेसं (सगळे आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर). काही लॅब 10 ते 30 सगळंच 'अपुरं' म्हणून छापतात. म्हणजे तोच 19 एका लॅबमध्ये 'कमतरता' आणि दुसरीकडे 'अपुरं' ठरतो. या पायऱ्या तज्ज्ञांनी मांडलेल्या आहेत आणि त्यावर त्यांचाच वाद आहे. अमेरिकेतल्या एका समितीने 2011 साली बहुतेक निरोगी माणसांना 20 पुरतं असं सांगितलं, त्याच वर्षी तिथल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने 30 ची रेघ ओढली आणि 2024 साली त्याच संस्थेने ती 30 ची रेघ मागे घेतली. आमच्या छापील रिपोर्टवर मात्र 30 अजून आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : 8.6 हा आकडा खरा काळजीचा होता, 10 च्या खाली हाडं मऊ पडण्याची भीती असते, आणि आता 19 ला लाल रंग बघून घाबरण्यासारखं काही नाही. युनिटही बघा. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात, तो आकडा अडीच पट मोठा दिसतो. तिथला 50 म्हणजे इथला 20.

बी-12 च्या पायऱ्या सोप्या आहेत. 200 पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, 200 ते 300 हा संशयाचा पट्टा, त्याच्या वर सहसा ठीक. आईंचा 142 सरळ खालचा होता, शिवाय पेशी मोठ्या आणि मुंग्या, त्यामुळे पुरावा पुरेसा होता. 240-250 आलं आणि लक्षणं असली तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अॅसिड तपासून खात्री करतात. पण ते औषध सुरू करण्याआधी, नंतर केलं तर त्यातून काही कळत नाही.

डी चार आठवड्यांत 19 वरच का थांबलं? थांबलेलं नाही, चढतंय. रक्तातल्या या डीचं अर्धं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं असतं, त्यामुळे एखाद्या डोसचा आकडा स्थिर व्हायला तीन महिने लागतात. आठ पुड्या 3 ऑगस्टला संपतील. मग डॉक्टर बहुधा महिन्याला एक पुडी सांगतील, म्हणजे हिशोबाने रोजचे 2000 युनिट. डीची फेरतपासणी सप्टेंबरच्या मध्यावर करा, सुरुवातीपासून तीन महिन्यांनी. आठवी पुडी घेतल्या घेतल्या केली तर आकडा आठवड्याच्या डोसवरचा येईल. महिन्याच्या पुडीवर तो किती टिकतो ते तुम्हाला कळणार नाही, आणि पुढचा निर्णय तर त्यावरच घ्यायचाय. पहिला रिपोर्ट जिथे केला तिथेच करा. दोन लॅबची मशीनं वेगळी असली तर त्याच रक्ताचा 19 आणि 22 येऊ शकतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पुडी आठवड्याला एकच, वार ठरवून, जेवणानंतर दुधातून. तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे कॅल्शियम तपासायला आले होते. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवी. कॅल्शियम 13.4 निघालं, ते साडेदहाच्या आत हवं असतं. डी 150 च्या वर, क्रिएटिनिनही वाढलेलं. दोन महिने ते 60,000 ची पुडी रोज घेत होते, चिठ्ठीवर 'आठवड्याला' लिहिलेलं घरात कुणाला वाचता आलं नव्हतं. डी चरबीत साठतं, औषध बंद केलं तरी कॅल्शियम उतरायला कित्येक आठवडे गेले. बी-12 च्या 2000 ची भीती तुम्हाला वाटली, पण जास्त झालं तर खरा त्रास देणारं हे दुसरं आहे. आईंना असं काही जाणवलं तर पुडी थांबवून त्याच दिवशी कॅल्शियम तपासा.

थांबवायचं कधी, हे कारणावर ठरतं. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी-12 कमी शोषलं जातं, आणि माळ घातलेल्या माणसाला ते मिळायचं एकच दार उरतं, ते दूध-दह्याचं. पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि चहात पडतं ते किती. दोन्ही कारणं पुढेही राहणार आहेत. मेटफॉर्मिन तुमच्या मनाने बंद करू नका आणि आईंची माळही मोडायला लावू नका. इंजेक्शनांनंतर रोजची 1000 मायक्रोग्रॅमची गोळी चालते का, हे डॉक्टरांना विचारा. एवढ्या मोठ्या गोळीतला शंभरातला एखादा भाग नेहमीच्या वाटेशिवायही शोषला जातो, आणि तेवढ्याने रोजची गरज भागते. गोळीवर तीन महिने झाले की सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन बी-12 मोजा. त्या वेळचा आकडा खरा उपयोगाचा. 300 च्या बऱ्यापैकी वर आला तर गोळी पुरते आणि मग वर्षातून एकदा तपासलं तरी चालेल. खालीच राहिला तर महिन्याला एक इंजेक्शन चालू ठेवावं लागेल.

उन्हाचंही विचाराल. आपल्याकडे 'कोवळ्या उन्हात बसा' म्हणायची रीत आहे, पण कातडीत डी तयार करणारे किरण सकाळी सातच्या उन्हात फार कमी असतात, आणि काचेतून तर येतच नाहीत. 11 ते 2 च्या दरम्यान हातपाय उघडे ठेवून 20-30 मिनिटं, आठवड्यातून काही दिवस. साठीकडे झुकलेली कातडी तरुणपणीच्या मानाने कमी डी बनवते, त्यामुळे ऊन पुडीच्या जोडीला घ्यायचं, तिच्याऐवजी नाही. आणि आत्ता पावसाळ्यात कराडला ते ऊन मिळणार कुठून, तेव्हा उन्हाचं दिवाळीनंतर बघा.