फोटोत न दिसलेली ट्यूब

"मॅडम, फोटो पाठवलाय. दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर पिंपल्स आहेत. कोणत्या टाइपचे आहेत ते बघून सांगाल का? मैत्रीण म्हणते, डॉक्टरकडे उगाच पैसे जातात, फोटो दाखवला की मेडिकलच्या दुकानातही ट्यूब देतात. घरी सांगायला लाज वाटते."

तुझा फोटो मोठा करून पाहिला. जे दिसतं ते आधी सांगते. नाकावर बारीक काळे ठिपके आहेत, ते ब्लॅकहेड्स. रंध्रात अडकलेल्या तेलाचं तोंड उघडं राहिलं की ते हवेने काळं पडतं. तो मळ नाही, त्यामुळे घासून जात नाही. कपाळावर मोहरीएवढे, कातडीच्याच रंगाचे दाणे आहेत. त्यांचं तोंड बंद असतं, त्यांना व्हाइटहेड्स म्हणतात. गालांवर लालसर उंचवटे आहेत, म्हणजे सुजलेली पुटकुळी. त्यातल्या दोनतीनवर पिवळं टोक दिसतं, तिथे पू धरलाय. हनुवटीवरचे तपकिरी ठिपके मात्र पिंपल आहेत की पिंपल बसल्यावर राहिलेले डाग, हे मला फोटोवरून ठरवता येत नाही.

माझं काम इथेच संपतं. का, ते एका मुलीची गोष्ट सांगितली की कळेल. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

तीही तुझ्याच वयाची, होस्टेलवर राहणारी. एप्रिलचं ऊन होतं. स्कूटीवर जाताना आपल्याकडे सगळ्याच मुली चेहऱ्याला दुपट्टा बांधतात, त्यात नवल नाही. पण ही माझ्या खोलीत बसूनही दुपट्टा सोडेना. पंख्याखाली, बोलता बोलता वीस मिनिटं तशीच. मग मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, "मॅडम, चेहरा नका बघू, फोटो बघा."

फोटोत गालांवर आणि हनुवटीवर पंचवीसतीस लाल पुटकुळ्या, सगळ्या जवळपास एकाच आकाराच्या. मला ते वयात येताना होतात तसलेच पिंपल्स वाटले. ऊन, घाम आणि दुपट्ट्याची घासण यामुळे वाढले असतील, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. तरी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवायचं ठरवलं, कारण चार महिन्यांपासून ती कॉलेजच्या कार्यक्रमांना जात नव्हती आणि तिची झोप उडाली होती. नागपुरातल्या धंतोलीतल्या एका डॉक्टरबाईंकडे मी तिच्यासोबत गेले.

डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवायला लावला, तोंड धुऊन यायला सांगितलं आणि दिवा बाजूने, तिरपा धरला. समोरून उजेड पडला की उंचवटे सपाट दिसतात, तिरप्या उजेडात त्यांची सावली पडते. मग दोन बोटांनी गालाची कातडी हलकेच ताणली. बंद तोंडाचे दाणे असे ताणल्यावरच नीट दिसतात. तिच्या गालावर ते जवळजवळ नव्हतेच, काळे ठिपकेही नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, "नेहमीच्या पिंपल्समध्ये असं सहसा होत नाही. दाणे, ठिपके, पुटकुळ्या असं सगळं एकत्र सापडतं. इथे सगळं एकसारखं आहे." मग जबड्याच्या कडेने बोट फिरवलं. एका जागी ती कळवळली. तिथे वाटाण्याएवढी खोल गाठ होती. फोटोत त्या जागी काहीच नव्हतं, कारण गाठ कातडीच्या खाली होती आणि वर रंग बदललेला नव्हता. हनुवटीवरच्या ज्या खुणा फोटोत पिंपल वाटत होत्या, त्यांतल्या बऱ्याच बोटाला सपाट लागल्या. ते डाग होते. आपल्या सावळ्या कातडीवर असे डाग गडद पडतात आणि कित्येक महिने राहतात. मोबाइलचा ब्यूटी मोडही चालू होता. त्याने बारीक उंचवटे पुसून टाकले होते आणि डाग तसेच ठेवले होते.

मग प्रश्न सुरू झाले. खाज येते का? कारण यीस्टमुळे होणाऱ्या पुटकुळ्याही अशाच एकसारख्या दिसतात, पण त्या बहुतेक वेळा खाजतात. पाळी वेळेवर येते का, हनुवटीवर जाड केस वाढलेत का? तसं असेल तर हार्मोन्सच्या तपासण्या कराव्या लागतात. खाज आणि केस, दोन्हींना ती नाही म्हणाली, पाळी वेळेवर होती. शेवटचा प्रश्न होता, "चेहऱ्याला काय लावतेस?"

"काही नाही. फक्त फेस क्रीम."

"कोणती?"

बराच वेळ गप्प बसली. मग पर्समधून अर्धी पिळलेली ट्यूब काढली. पाच महिन्यांपूर्वी डाग जायला म्हणून मावशीने सुचवलेली, चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेली. डॉक्टरांनी मागचा बारीक मजकूर वाचला: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा उजळला होता म्हणून ती लावतच राहिली. स्टेरॉइड लावल्यावर आधी लाली आणि सूज दबते, म्हणून औषध गुणकारी वाटतं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि अशा एकसारख्या पुटकुळ्या उठतात. लावणं थांबवलं की चेहरा लाल होऊन जळजळतो, मग माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब हाती घेतो. तिने दोनदा तसंच केलं होतं.

हे कुठल्याही फोटोत दिसलं नसतं. मला तर चेहरा समोर असूनही दिसलं नाही.

डॉक्टरांनी ट्यूब कशी बंद करायची, मधल्या जळजळीत काय लावायचं आणि नेमकं किती दिवसांनी परत यायचं हे लिहून दिलं. "पहिले काही आठवडे चेहरा जास्त वाईट दिसेल, तेव्हा घाबरून ट्यूबकडे जाऊ नको, मला फोन कर," असं बजावलं. खरोखर तसंच झालं. दहाव्या दिवशी ती माझ्याकडे रडत आली, गाल तापलेले होते. त्या दिवशी मी तिला दुसरं काही सांगितलं नाही, तिच्यासमोर डॉक्टरांना फोन लावून दिला. गालांची लाली पूर्ण उतरायला साडेतीन महिने लागले. डाग अजून आहेत, फिकट झालेत.

आता तुझं. तुझा फोटो वाया गेलेला नाही, त्याचा उपयोग वेगळा आहे. त्या मुलीच्या गॅलरीत ट्यूब सुरू करण्याआधीचा एक फोटो होता. त्यात नाकावर काळे ठिपके आणि गालावर चारच पुटकुळ्या होत्या. तो बघून डॉक्टरांची खात्री पटली, की नंतरचं सगळं ट्यूबमुळे आहे. म्हणून तूही दर दोन आठवड्यांनी फोटो काढ, पण त्याच खिडकीजवळ, सकाळी, ब्यूटी मोड बंद करून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. उपचारांचा परिणाम साधारण तीन महिन्यांनी जोखतात, तेव्हा हे फोटो कामी येतील.

गालावर खड्डे पडायला लागले असतील किंवा कातडीखाली दुखऱ्या गाठी असतील तर आठवडाभरही थांबू नको. खड्डे पडले की औषधाने भरून येत नाहीत. आणि कुणी मैत्रीण पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असेल, तर तिच्याकडून त्या घेऊ नको. गरोदरपणात त्या पोटातल्या बाळात गंभीर व्यंग आणतात, म्हणून डॉक्टर आधी गर्भधारणेची आणि रक्ताची तपासणी करतात.

पैशांची अडचण असेल तर मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत सकाळी केस पेपर काढता येतो. खर्च कमी येतो, रांग मात्र मोठी असते. घरी तुझ्या आईशी बोलायला मी तयार आहे, तू हो म्हणालीस तरच. ओपीडीला येताना चेहऱ्याला लावतेस ते सगळं पिशवीत टाक. फेसवॉश, पावडर, कुणी दिलेली ट्यूब, संपलेली असली तरी. "फक्त क्रीम" म्हणून त्यातलं काही घरी ठेवू नको.