मस्टन्ट की डोन्ट हॅव टू? आधी पुढचं वाक्य वाचा

*"मुलगी सातवीत आहे, आम्ही कळव्याला राहतो. इंग्रजीच्या रिकाम्या जागांमध्ये मस्टन्ट आणि डोन्ट हॅव टू हमखास उलटसुलट लिहिते. नियम पाठ आहेत, तरी चुकतं. घरी कसं समजावू?"*

ताई, नियम पाठ आहेत म्हणूनच चुकतंय. मस्ट आणि हॅव टू दोन्हींचा अर्थ 'करायलाच हवं' असा पाठ केला, की पोरं दोन्हींना 'नाही' जोडतात आणि अर्थ सारखाच राहील असं धरून चालतात. तो राहत नाही. मस्टन्ट म्हणजे मनाई. डोन्ट हॅव टू म्हणजे सक्ती नाही, पुढचं तुमच्या मर्जीवर. त्यात आपलं 'नको' भर घालतं. 'त्याने यायला नको' हे वाक्य येण्याची गरज नसली तरी चालतं आणि येणं बरं नसलं तरी चालतं. इंग्रजीत तिथे दोन वेगळे शब्द लागतात.

माझ्याकडे नौपाड्यात क्लासला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी एकच वाक्य देते. ठाणे स्टेशनचा पूल, आजी, आणि रिकामी जागा: 'आजी ____ क्लाइम्ब द स्टेअर्स.' एवढ्यावर उत्तर लिहायचंच नाही, कारण ते ठरतं पुढच्या वाक्यावर.

पुढे 'हर नीज आर टू वीक' असेल तर कान्ट. तिला जमतच नाही, प्रश्न क्षमतेचा आहे. पुढे 'द डॉक्टर हॅज फॉरबिडन इट' असेल तर मस्टन्ट. कदाचित ती चढू शकेलही, पण चढायचं नाही. आणि पुढे 'देअर इज अ लिफ्ट' असेल तर डझन्ट हॅव टू. लिफ्ट आहे म्हणून जिना बंद झालेला नाही, आजीला हौस असेल तर चढेल.

घरी तपासायला सोपी खूण म्हणजे वाक्याच्या शेवटी मराठीत 'पण केलं तरी चालेल' जोडून बघायचं. 'लिफ्ट आहे, पण चढली तरी चालेल' हे जुळतं, म्हणजे डझन्ट हॅव टू. 'डॉक्टरांनी मना केलंय, पण चढली तरी चालेल' म्हटलं की मुलगी स्वतःच हसेल. मग मस्टन्ट.

हीच खूण दुसऱ्या वाक्यावर लावा: 'माय ब्रदर इज फोर. ही ____ बाय अ टिकेट.' रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. इथे बरीच मुलं मस्टन्ट लिहितात. त्याचा अर्थ होतो की चार वर्षांच्या पोराने तिकीट काढलं तर तो गुन्हा! उत्तर डझन्ट हॅव टू. उलट 'यू ____ क्रॉस द ट्रॅक्स' मध्ये 'केलं तरी चालेल' बसतच नाही.

अर्थ कळूनही मार्क जातात ते रूपात. ही, शी, इट असेल तर हॅज टू आणि डझन्ट हॅव टू. डझन्टनंतर हॅज लिहिलं की चूक, कारण एस आधीच डझमध्ये गेलाय. मस्टला एसही लागत नाही आणि टूही. म्हणून रिकाम्या जागेनंतर टू छापलेला असेल तर तिथे मस्ट येऊच शकत नाही, अर्थ न बघताही सांगता येतं. जागेआधी डझ असेल, जसं 'डझ शी ____ वेअर अ युनिफॉर्म', तर हॅव टू. एका जागेत तीन शब्द बसू शकतात, हेही मुलीला सांगा. बरीच मुलं एका रेघेवर एकच शब्द असं धरून बसतात. आणि मस्टन्टमधला पहिला टी बोलताना गिळतात, म्हणून लिहिताना गळतो. तो हवाच.

दोन ठिकाणी मात्र तिला रागावू नका. 'यू ____ पार्क हिअर, इट्स अ नो-पार्किंग झोन' यात परवानगी नाही म्हणून कान्टही बरोबर आणि मनाई म्हणून मस्टन्टही. प्रश्नाबरोबर शब्दांची चौकट असेल तर त्यात काय दिलंय आणि काय आधी वापरून झालंय ते बघून ठरवायचं. तसंच नकार नसलेल्या वाक्यात मस्ट आणि हॅव टू. पुस्तकं सांगतात की बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असेल तर मस्ट, शाळेचा किंवा रेल्वेचा नियम असेल तर हॅव टू. 'आय मस्ट कॉल आई टुनाइट' आणि 'वुई हॅव टू वेअर अ युनिफॉर्म' यात तो फरक दिसतो. पण बोलण्यात तो इतका काटेकोर नसतो, आणि नियमांच्या पाट्यांवर मस्ट सर्रास असतं. उत्तरसूचीत एकच दिलं असेल आणि तिने दुसरं लिहिलं असेल, तर वाक्यात आग्रह कोणाचा ते तिला विचारा. कारण पटण्यासारखं असेल तर ते वहीत तसंच राहू द्या आणि शाळेतल्या बाईंना दाखवायला सांगा.