अलार्म सात, पण वाट पाहणारं कोणी नाही

«बाबा रिटायर झाल्यापासून सकाळी अंथरूणच सोडत नाहीत. मोबाइलवर अलार्म लावून दिले, रोज पहाटे फोन करतो, तरी फरक नाही. आयुष्यभर पहाटे उठणारा माणूस असा का झाला? आणखी काय करायचं?»

दिवाळीत मुलं गावी येऊन गेली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा पुण्या-मुंबईत असतो आणि ज्यांच्याबद्दल विचारतो ते वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या एखाद्या गावात. उत्तर म्हणून एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका आर्वी तालुक्यातल्या एका गावातले. एसटीत ड्रायव्हर होते, 58 व्या वर्षी निवृत्त झाले. मुलगा सुटीत आला तेव्हा काकांना आणि काकूंना घेऊन माझ्याकडे आला. त्याने वडिलांचा मोबाइल माझ्यापुढे ठेवला. पाचला ‘उठा’, सव्वापाचला ‘कोमट पाणी’, साडेपाचला ‘फिरायला जा’, मग प्राणायाम, बीपीची गोळी, नाश्ता, पेपर. एकूण सात अलार्म. पोराने मनापासून केलं होतं, यात शंका नाही.

मी काकांना विचारलं, “वाजल्यावर काय करता?”

“बंद करतो.”

“कोणता कशासाठी वाजला, ते लक्षात असतं?”

“हाव. सातही सांगू का?” आणि त्यांनी ओळीने सातही सांगितले.

हा प्रश्न घरच्यांनी आधी विचारायलाच हवा. अलार्म कशासाठी वाजला हेच आठवत नसेल, गोळी घेतली की नाही याचा रोज घोळ होत असेल, तर गाडं स्मरणशक्तीकडे वळतं आणि तपासणी लागते. काकांना सगळं आठवत होतं. आणखी काही गोष्टी मी खोदून विचारल्या. झोप अडीच-तीनला उडून मन काळवंडतं का, जेवण तुटलं का, वजन उतरलं का, जगणं नको वाटतं का. यातलं काही असेल तर त्याला आळस म्हणू नये, नैराश्य म्हणून त्यावर उपचार करावेत. सरकारी दवाखान्यात दाखवावं, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र मोफत चालतो. काकांच्या बाबतीत तसं नव्हतं. थायरॉइड आणि साखर तपासून घ्यायला सांगितलं, तेही ठीक निघालं.

मग मी झोपेचं विचारलं. “जाग किती वाजता येते?”

“चार-साडेचारले. डोये उघडे ठेवून पडून राह्यतो आठपावतर.”

मुलगा चमकला. त्याचा समज होता की बाबा झोपलेले असतात. अलार्म झोपेतून उठवण्यासाठी होते आणि काका तर आधीच जागे होते. साताच्या सात अलार्म चुकीच्या कामाला लावलेले होते.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना नोकरीबद्दल बोलतं केलं. बरीच वर्षं त्यांच्याकडे मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी शेवटच्या गावी जायचं, रात्री तिथेच गाडीत झोपायचं आणि सकाळी पहिली फेरी घेऊन तालुक्याला यायचं. मी विचारलं, तिथे तुम्हाला कोण उठवायचं?

“कोणीच नाई. झोप आपोआप उघडे. तेल-पाणी पाहो, टायर ठोकून पाहो, काच पुसो. तोवर मंडळी येऊन उभी राहे. शायेतले पोट्टे, दवाखान्यात जाणारं म्हातारं मानूस, दुधाच्या कॅनवाला.” मग ते थांबले. बराच वेळ हातातल्या रुमालाकडे बघत बसले. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी न बोलणं हेच समुपदेशकाचं खरं काम असतं आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

“ताई, आता पाचचा अलार्म वाजते. पन माह्यासाठी उभं कोन आहे?”

माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट या वाक्यात आहे. काकांची सकाळ कधीच घड्याळावर चाललेली नव्हती. गावाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसांवर ती चालत होती. निवृत्तीच्या दिवशी ती माणसं गेली आणि पोराने त्यांच्या जागी सूचना ठेवल्या. फिरा, पाणी प्या, श्वास घ्या, यातलं सगळं स्वतःच्याच तब्येतीसाठी. न केलं तर कोणाची गाडी चुकणार होती?

माझा कल वर्तनाकडे आहे. मन उभारी धरेल, मग माणूस उठेल, याची मी वाट पाहत नाही. हातपाय एखाद्या कामाला लागले आणि त्या कामाला समोरून प्रतिसाद मिळाला, की मन मागून येतं. म्हणून मी काकांना उत्साहाबद्दल काही सांगितलंच नाही. फक्त विचारलं, गावात सकाळी कोणाचं काही अडतं का?

उत्तर काकूंनी दिलं. शेजारच्या आबाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. कापसाची वेचणी सुरू, सून सकाळीच शेतात जायची. सकाळचं औषध डोळ्यात टाकायला कोणी नसायचं. आबाजी स्वतःच टाकायला जायचे, निम्मं गालावर सांडायचं.

इथून आम्ही आठवणीची मांडणी नव्याने केली. सातपैकी सहा अलार्म पुसले. एकच ठेवला, पावणेसहाचा, आणि त्याला नाव दिलं ‘आबाजी’. पुढचा बदल दिसायला लहान, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा. काकांचा चष्मा उशाखाली असायचा. जाग आली की पहिला हात तिथे जायचा, मग मोबाइल, मग पुन्हा पांघरूण. चष्मा आम्ही मागच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगायला लावला आणि मोबाइल त्याच्याखालच्या कोनाड्यात. डोळ्यांची सवय अशी की चष्म्याशिवाय काकांना करमत नाही. चष्मा घ्यायला उठले की दारापर्यंत आलेच, दाराबाहेर रांजण, रांजणावर तोंड धुतलं की आबाजींची ओसरी दहा पावलांवर. एक कृती संपली की तीच पुढच्या कृतीची आठवण देते. घड्याळाची आठवण ऐकून न ऐकल्यासारखी करता येते, पण हातातल्या कामाला लागून आलेली आठवण तशी झटकता येत नाही. उतारवयात तर ही दुसरी पद्धत जास्त टिकते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

औषध कसं टाकायचं ते डोळ्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडून काका नीट शिकून आले. हात साबणाने धुवायचे, खालची पापणी हलकेच ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, मग डोळा मिटून ठेवायचा. औषधं दोन होती आणि दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटं थांबायचं होतं. या पाच मिनिटांनी माझ्या कितीतरी तासांचं काम केलं. एक थेंब टाकून झाला की दोघांना ओसरीवर नुसतं बसावंच लागे. पहिले दिवस पऱ्हाटीच्या भावावर गेले. मग जुन्या गोष्टी निघाल्या. मग सून जाताना चहा ठेवून जाऊ लागली.

नोंद ठेवायची पद्धत काकांनीच काढली. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत ते वेळ लिहायचे, ‘6.10 सुटली’. महिन्याचं पान मी मागवून घेतलं. सुरुवातीला सव्वासात, पावणेसात असं काहीही होतं, मधल्या चौकटी कोऱ्या. हळूहळू आकडे सहाच्या आसपास येऊन बसले.

घरच्यांची नजर भरलेल्या चौकटींवर असते. मी कोऱ्या चौकटी आधी बघते. डिसेंबरात सलग तीन कोऱ्या होत्या. काका म्हणाले, “गाडी फेल झाली ताई. आता नाई जमत.”

सवयींवर लंडनमध्ये झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना सरासरी 66 दिवस लागले, पण कोणाला 18 तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. त्यात मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नव्हती. म्हणून एक कोरी चौकट मी सोडून देते. ओळीने दोन-तीन आल्या, तर दोष माणसात न शोधता काय बदललं ते शोधते.

इथे बदलला होता फोन. वडील उठू लागले म्हणून मुलगा खूश झाला आणि पुन्हा पहाटे साडेपाचला फोन करू लागला, “उठले का बाबा?” झालं. आबाजींसाठी उठणारा माणूस पुन्हा पोराला हजेरी देणारा झाला. मी मुलाला फोनवर स्पष्ट सांगितलं, सातच्या आत फोन करायचा नाही. आणि केला की ‘उठलात का’ विचारायचं नाही, ‘आबाजींचा डोळा कसा आहे’ असं विचारायचं. त्याला आधी ते नाटकी वाटलं. दोन-चार दिवसांत वडील आपणहून पाच-पाच मिनिटं बोलू लागले, तेव्हा पटलं. ज्यांनी मला हा प्रश्न विचारला आहे त्या सगळ्या मुलामुलींना मी हेच सांगेन. अलार्म लावण्याआधी गावी चार दिवस राहून बघा, तुमच्या वडिलांकडून कोणाचं काय होऊ शकतं. नातवंडाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं असेल, नळ आला की एकट्या म्हातारीच्या दोन बादल्या भरणं असेल. काम खरं हवं. त्यांना गुंतवून ठेवायला काढलेलं काम त्यांना लगेच ओळखू येतं.

डोळ्याचं औषध काही आठवड्यांत बंद होतं, हे मला सुरुवातीपासून माहीत होतं. दुसरं काम तयार ठेवावं असं मी काकूंना सुचवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. औषध थांबलं त्या आठवड्याचं पान मी मुद्दाम पाहिलं. 6.05, 6.10, 6.00. मी विचारलं, आता कशाला जाता?

“आबाजी दार उघडून बसते ना सकायपासून. नाई गेलो त मानूस वाट पाह्यते.”

बीपीची गोळी आता त्या ओसरीवरच्या चहाला जोडली आहे आणि ती चुकत नाही. फिरणं वेगळं लावावं लागलं नाही. दोघं मिळून फाट्यापर्यंत जातात, आबाजींना नव्या डोळ्याने एसटीची पाटी वाचायची असते. अलार्म मात्र मी काढू दिलेला नाही. पावसाळ्यात चार दिवस झड लागली की असा क्रम तुटतो, तेव्हा तो लागेल.

संध्याकाळ अजून सुटलेली नाही. चार ते सात काका खाटेवर पडून असतात, टीव्ही चालू, लक्ष कुठेच नाही. सकाळचा उपाय तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण त्या वेळी आबाजींच्या घरी शेतातून सगळे परत आलेले असतात आणि काकांना मध्ये जावंसं वाटत नाही. पुढच्या भेटीत काकू एक आठवड्याची टिपणं घेऊन येणार आहेत, त्या वेळात गावात कोण कोण एकटं असतं याची.