रात्री अडीचला डोकं दुखून जाग येते

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे, आम्ही मुलुंडला राहतो. रोज रात्री अडीचच्या सुमारास डोकं दुखून तिला जाग येते. दिवसा काहीच नाही. काय असेल?

उत्तर: वर्णनावरून हिप्निक डोकेदुखी वाटते. ती फक्त झोपेतच सुरू होते, बहुधा पन्नाशीनंतर, आणि जाग आल्यावर पंधरा मिनिटांपासून चार तासांपर्यंत राहते. महिन्यात निदान १० रात्री, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर निदानाला बळ मिळतं. यात डोळ्यातून पाणी येत नाही, नाक चोंदत नाही. तसं होत असेल तर आजार वेगळा.

पण आधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा. रात्री वाढणारं बीपी, घोरताना श्वास अडकणं, मेंदूतली गाठ यांतही असंच दुखतं, म्हणून एमआरआय आणि २४ तासांचं बीपी बघतात. कानशिलं दुखरी असतील, चावताना जबडा दुखत असेल किंवा नजर अंधुक होत असेल तर त्याच दिवशी जा.

निदान पक्कं झालं की पहिला उपाय म्हणजे झोपण्याआधी कपभर कॉफी. चमचाभर इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असतं, तेवढं पुरतं. आश्चर्य म्हणजे या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची झोप त्यानं उडत नाही. आईंना धडधड किंवा ॲसिडिटी असेल तर मात्र आधी विचारा. किती वाजता जाग आली, किती वेळ दुखलं हे कॅलेंडरवर लिहा, फरक त्यातूनच कळेल.

कॉफीनं भागलं नाही तर डॉक्टर लिथियम किंवा इंडोमेथासिन देतात. लिथियमवर रक्ततपासणी लागते, किडनी आणि थायरॉइड सांभाळावं लागतं. इंडोमेथासिन पोटाला आणि किडनीला जड जातं. या दोन्ही गोळ्या केमिस्टकडून परस्पर आणू नका.