हाय टाकलं, पुढचं अडलं

"ताई, समुपदेशनाचं चॅट उघडते, हाय टाकते आणि मग काहीच लिहिता येत नाही. समोरची व्यक्ती खोळंबलीय असं वाटून शेवटी बंद करते. माझा प्रॉब्लेम खरा नाहीये का?"

खरा आहे. आणि खोळंबायचं म्हणाल तर आमचं कामच ते आहे हो, त्याचं टेन्शन नका घेऊ.

एका तरुणाचं सांगते, त्याला विचारूनच, ओळख पटेल असं सगळं बदलून. तो यायचा, हाय म्हणायचा, मग स्क्रीनवर ते टायपिंगचे ठिपके हलायचे, थांबायचे, परत हलायचे, आणि इतक्या वेळाने मेसेज काय तर "फी किती असते?" मी सांगितली. मग "हे कुणाला कळत नाही ना?" तेही सांगितलं, की कळत नाही, पण जिवाला धोका वाटला तर मदतीसाठी दुसऱ्या कुणाला सांगावं लागतं. असे प्रश्न बरेचजण आधी विचारतात, पाण्यात पाय टाकून बघावा तसं. त्यात गैर काहीच नाही, उलट मला तेवढ्यावरून अंदाज येतो की भीती कसली आहे.

परत ठिपके. अशा वेळी "बोला ना, काय झालं" असं मागे लागलं की माणूस हमखास पळतो. मी लिहिलं, "प्रॉब्लेम राहू दे. लिहिताना हात कुठे अडतो तेवढंच सांग." बराच वेळ गेला आणि हे आलं:

हाय टाकलं, पुढचं अडलं
लिहिलं तेवढं सगळं खोडलं
ठिपके तुम्हाला दिसत असतील
वाटतं, वाचून सगळे हसतील
म्हणून आधी फी विचारली
खरी गोष्ट मागे सारली

कविता छान वगैरे म्हणत बसले नाही, तो तिथेच लपला असता. मी चौथी ओळ धरली. चॅटवर मी एकटीच होते, मग हे 'सगळे' कोण? विचारलं तसं. तर उत्तर तुकड्यातुकड्यात आलं: नोकरी गेलीय. घरी माहीत नाही. रोज डबा घेऊन बाहेर पडतो. मग शेवटी, "बायकोला कसं सांगू?" पुढचं सगळं बोलणं त्यावरच झालं, आधी तिला एकटीला सांगायचं की सगळ्यांसमोर, आणि सांगताना पहिलं वाक्य काय.

सगळ्याच गप्प बसण्यात मी अशी थांबत नाही हं. "आता कशातच अर्थ नाही" लिहून कुणी गप्प झालं तर मी सरळ विचारते, जीव द्यायचे विचार येतायत का. असं विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत, बऱ्याच जणांना उलट हलकं वाटतं. तुमच्याही मनात असं काही असेल तर हाय नंतर तेच पहिलं लिहा, अर्धवट का असेना.

नाहीतर पुढच्या वेळी "विचारायचंय, पण लिहून खोडतेय" एवढंच पाठवा. किंवा खोडलेल्यातले पहिले दोन शब्द. पुढचं विचारायचं काम समोरच्याचं.